लाकूडमिश्रित आणि धातुमिश्रित फिलामेंट

लाकूडमिश्रित आणि धातुमिश्रित फिलामेंट म्हणजे त्रिमितीय छपाईसाठी वापरली जाणारी अशी तार, जिच्यात प्लॅस्टिकबरोबर लाकडाची बारीक पूड किंवा धातूची भुकटी मिसळलेली असते. प्लॅस्टिक म्हणून बहुधा पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) वापरतात. ही तार तापलेल्या नोझलमधून वितळवून थरावर थर रचत वस्तू तयार केली जाते. अशा वस्तूला घासकाम व झिलई केल्यावर ती लाकडाची किंवा ओतीव धातूची असल्यासारखी दिसते. घासकामापूर्वी मात्र ती मळकट तपकिरी प्लॅस्टिकसारखीच दिसते, कारण मिसळलेले कण पृष्ठभागाखाली प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात दडलेले असतात. या फिलामेंटची छपाईतील वर्तणूक, नोझलची झीज आणि शेवटचे संस्करण या तिन्ही गोष्टी प्लॅस्टिक आणि कण यांच्या या सहवासातून उद्भवतात.

जर्मनीतील काय पार्थी यांनी २०१२ मध्ये लेवू-डी३ हे लाकडाची पूड असलेले फिलामेंट प्रसिद्ध केले. त्यानंतर नेदरलँड्समधील कलरफॅब या कंपनीने ब्राँझफिल हे कांस्यमिश्रित फिलामेंट बाजारात आणले. पुढे तांबे, पितळ, लोह आणि स्टेनलेस पोलाद यांच्या भुकटीची फिलामेंटही उपलब्ध झाली. छापल्यावर भट्टीत घालून प्लॅस्टिक जाळून टाकायचे आणि उरलेली भुकटी एकजीव करून शुद्ध धातूची वस्तू मिळवायची, असाही एक वेगळा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात भट्टीची गरज नसलेल्या प्रकाराचाच विचार केला आहे.

## वजन आणि घनफळ यांतील फरक

कांस्यमिश्रित फिलामेंटमध्ये वजनाने सुमारे ८० टक्के धातू असतो. हा आकडा वाचून वस्तू जवळजवळ धातूचीच असेल असा समज होतो. पण घनफळाचा हिशेब वेगळा आहे. कांस्याची घनता सुमारे ८.८ ग्रॅम प्रति घनसेंमी, तर पीएलएची सुमारे १.२४ आहे. १०० ग्रॅम फिलामेंटमधील ८० ग्रॅम कांस्य सुमारे ९ घनसेंमी जागा व्यापते आणि उरलेले २० ग्रॅम पीएलए सुमारे १६ घनसेंमी जागा व्यापते. म्हणजे वजनाने चार-पंचमांश असलेला धातू घनफळाने एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक असतो. मिश्रणाची घनता ३.९ च्या आसपास येते.

या हिशेबातून फिलामेंटचे बरेचसे गुणधर्म स्पष्ट होतात. वस्तू हातात घेतल्यावर साध्या प्लॅस्टिकच्या तिप्पट जड आणि स्पर्शाला थंड लागते, तरी तिच्यातील प्रत्येक धातुकण प्लॅस्टिकने वेढलेला असल्याने सामान्यतः तिच्यातून वीज वाहत नाही. तिची उष्णता सोसण्याची मर्यादाही पीएलएचीच असते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते. बळकटीच्या बाबतीत तर ती साध्या पीएलएहून उणी ठरते, कारण कण एकमेकांना जोडलेले नसतात आणि त्यांना धरून ठेवणारे प्लॅस्टिक कमी झालेले असते.

खरेदीच्या वेळीही हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. १.७५ मिमी जाडीच्या साध्या पीएलएच्या एक किलोच्या रिळावर सुमारे ३३५ मीटर तार असते. कांस्यमिश्रित फिलामेंटच्या ७५० ग्रॅमच्या रिळावर ती अवघी ८० मीटरच्या आसपास भरते.

## लाकूडमिश्रित फिलामेंटची छपाई

लाकडाच्या पुडीचे कण वितळत नाहीत. ते वितळलेल्या प्लॅस्टिकबरोबर वाहत नोझलच्या छिद्रापर्यंत येतात. धान्याच्या कोठीचे तोंड लहान असेल, तर दाणे एकमेकांना टेकून तेथे कमान धरतात आणि धान्य पडायचे थांबते. नोझलमध्येही हेच घडते. एकेक कण छिद्रापेक्षा पुष्कळ लहान असला, तरी तीन-चार कण एकत्र येऊन वाट अडवू शकतात. म्हणून या फिलामेंटसाठी नेहमीच्या ०.४ मिमी छिद्राऐवजी ०.५ किंवा ०.६ मिमी छिद्राचे नोझल अधिक सुरक्षित मानले जाते. थराची जाडीही त्या प्रमाणात ०.२ ते ०.३ मिमी ठेवतात.

अडथळ्याचे दुसरे कारण म्हणजे करपणे. छपाई थांबवून नोझल तापलेलेच ठेवले, तर आतील लाकूड काळवंडते, त्याचा कोळसा होतो आणि तो छिद्राशी चिकटून बसतो. यासाठी छपाई संपताच तापमान उतरवणे आणि थोडे साधे पीएलए नोझलमधून सोडून आतील लाकूड बाहेर काढणे आवश्यक असते. छपाई चालू असताना तार वारंवार मागे ओढण्याची क्रियाही (रिट्रॅक्शन) कमी ठेवावी लागते. तार पुढे-मागे होत राहिली, की तोच मजकूर तापलेल्या भागात जास्त वेळ राहतो. शिवाय तार ठिसूळ असल्याने ढकलणाऱ्या दातेरी चाकाखाली तिचा भुगा होतो. ही क्रिया कमी केल्यामुळे वस्तूच्या भागांमध्ये बारीक तंतू लोंबतात, पण ते पुढे घासकामात सहज निघून जातात.

तिसरा प्रश्न ओलाव्याचा. लाकूड हवेतील पाणी शोषते. असे दमट फिलामेंट नोझलमध्ये शिरताच पाण्याची वाफ होते, तडतड असा आवाज येतो आणि थरांवर बारीक फोड व पोकळ्या दिसतात. कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात उघडे ठेवलेले रीळ लवकर या अवस्थेला पोहोचते. ४५ ते ५० अंश तापमानाला काही तास सुकवल्यास दोष दूर होतो. त्यानंतर रीळ सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. तडतड हे ओलाव्याचे लक्षण आणि धारेची जाडी हळूहळू घटत जाणे हे छिद्र तुंबत चालल्याचे लक्षण, हा भेद ओळखला की उपाय चुकत नाही.

## तापमानाने रंगछटा बदलणे

अनेक लाकूडमिश्रित फिलामेंटचा रंग छपाईच्या तापमानानुसार बदलतो. १९० अंशांच्या आसपास छापलेला थर फिकट राहतो, तर २२० अंशांच्या आसपासचा थर गडद तपकिरी होतो. लाकूड जसे अधिक भाजते, तशी त्याची छटा गडद होते. रंग केवळ तापमानावर नव्हे, तर लाकूड किती वेळ तापलेल्या भागात राहिले यावरही अवलंबून असतो. म्हणूनच संथ गतीने छापलेला भाग त्याच तापमानाला थोडा अधिक गडद दिसतो. काही फिलामेंटमध्ये लाकडापेक्षा कृत्रिम रंगाचा प्रभाव अधिक असतो. त्यांत हा बदल फारसा जाणवत नाही.

या गुणाचा उपयोग करून लाकडाच्या वार्षिक वलयांसारखे पट्टे काढता येतात. त्यासाठी छपाईच्या सूचनांच्या फाइलमध्ये ठरावीक थरांच्या आरंभी तापमान बदलण्याची आज्ञा घालतात. उदाहरणार्थ :

```
;LAYER:20
M104 S195
;LAYER:28
M104 S220
;LAYER:31
M104 S200
```

येथे `M104` ही आज्ञा नवे तापमान नेमून देते आणि छपाई न थांबता पुढे चालू राहते. त्यामुळे छटा एका थरातून दुसऱ्या थरात हळूहळू उतरते. तिच्याऐवजी `M109` वापरल्यास यंत्र नवे तापमान गाठेपर्यंत थांबून राहते. त्या वेळात नोझलमधून मजकूर पाझरतो आणि वस्तूवर गाठ उमटते. पट्ट्यांची रुंदी असमान ठेवली, म्हणजे ते अधिक नैसर्गिक वाटतात.

पट्टे मात्र नेहमी थरांना समांतर, म्हणजे आडवेच उमटतात. उभ्या सरळ भिंतीवर ते प्लायवूडच्या कडेसारखे दिसतात. वस्तूचा पृष्ठभाग वक्र असेल किंवा वस्तू छपाईच्या मंचावर थोडी तिरकी ठेवली असेल, तर तेच पट्टे पृष्ठभागावर कमानदार रेषांच्या रूपाने प्रकट होतात. फळी कापताना खोडाची वलये जशी तिरकी छेदली जातात, तसाच हा परिणाम असतो. त्यामुळे लाकडाचा आभास निर्माण करण्यात वस्तू कशी ठेवली आहे याला तापमानाइतकेच महत्त्व आहे.

## धातुमिश्रित फिलामेंटची छपाई

धातुमिश्रित तार ठिसूळ व जड असते. रिळावरून नोझलपर्यंतच्या वाटेत तीव्र वळण असेल, तर ती मध्येच तुटते आणि छपाई अर्धवट राहते. म्हणून रीळ यंत्राच्या वर किंवा समोर, वळण कमीत कमी राहील अशा रीतीने बसवतात. वितळलेले मिश्रण जड असल्याने आधाराविना पुढे आलेले भाग व पुलासारखे आडवे भाग साध्या पीएलएपेक्षा लवकर खाली झुकतात. दुसरीकडे, थंड होताना आकुंचन पावणारे प्लॅस्टिक कमी असल्याने वस्तूचे कोपरे मंचावरून उचलले जाण्याचा दोष क्वचितच आढळतो.

छापण्यापूर्वीच घासकामाचा विचार करावा लागतो. घासताना पृष्ठभागाचा काही भाग निघून जाणार असल्याने बाहेरची भिंत किमान तीन-चार पदरी, म्हणजे सुमारे १.५ मिमी जाड ठेवतात. भिंत पातळ असेल, तर घासता घासता आतील जाळी उघडी पडते. बारीक अक्षरे व रेषाही मूळ मापापेक्षा थोड्या ठसठशीत ठेवतात.

## नोझलची झीज

बहुतेक यंत्रांबरोबर पितळी नोझल येते. पितळ उष्णता उत्तम वाहून नेते, पण ते मऊ असते. लाकडाची पूड त्याला फारशी झिजवत नाही. लाकूडमिश्रित फिलामेंटमध्ये खरी अडचण तुंबण्याची असते. तांबे, कांस्य आणि पितळ यांचे कण नोझलच्याच तोडीचे मऊ असले, तरी संख्येने पुष्कळ असल्याने सावकाश झीज करतात. स्टेनलेस पोलादाचे कण पितळापेक्षा कठीण असून त्यांची झीज लवकर जाणवते.

झीज दोन ठिकाणी होते. एक म्हणजे छिद्र आतून रुंदावते. दुसरे म्हणजे नुकत्याच घातलेल्या थरावरून टोक सतत घासत गेल्याने ते बोथट होते आणि नोझलची लांबी किंचित घटते. लांबी घटली, की मंच व नोझल यांतील अंतर वाढते आणि पूर्वी नीट बसणारा पहिला थर सुटू लागतो.

छिद्र रुंदावल्याचे मात्र सहज लक्षात येत नाही. छिद्र मोठे झाले म्हणजे मजकूर जास्त बाहेर येईल असे वाटते, पण तसे होत नाही. किती मजकूर बाहेर पडायचा, हे तार ढकलणारे चाक ठरवते, छिद्र नव्हे. म्हणून एकूण मजकूर तेवढाच राहतो. केवळ धारेवरचा ताबा सुटतो. कोपरे गोलसर होतात, बारीक अक्षरे बुजतात, तंतू अधिक लोंबू लागतात आणि वरचा सपाट थर खडबडीत दिसतो. तापमान किंवा वेग बदलूनही हे दोष जात नसतील, तर नोझल तपासणे योग्य ठरते. नोझल थंड व स्वच्छ करून त्यात ०.५ मिमी जाडीच्या बारीक ड्रिलचा दांडा घालून पाहावा. मूळ ०.४ मिमीच्या छिद्रात तो शिरत असेल, तर नोझल निकामी झाले असे समजावे.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कठीण केलेल्या पोलादाचे नोझल. पोलाद पितळापेक्षा उष्णता कमी वाहून नेते, म्हणून ते वापरताना तापमान साधारण ५ ते १० अंशांनी वाढवावे लागते किंवा वेग कमी करावा लागतो. स्वीडनमधील उप्साला येथील अँडर्स ओल्सन यांनी पितळी नोझलच्या टोकाला माणकाचा खडा बसवण्याची कल्पना अमलात आणली. बोरॉन कार्बाइड या अत्यंत कठीण पदार्थाचे मिश्रण छापताना साधी नोझल टिकत नसल्याने ही गरज निर्माण झाली होती. अशा नोझलमध्ये पितळाची उष्णतावहनक्षमता आणि माणकाचा कठीणपणा एकत्र येतो. किंमत मात्र बरीच अधिक असते.

## कांस्य पदकाचे उदाहरण

घासकाम व झिलई यांचा क्रम एका साध्या वस्तूवरून समजून घेता येतो. ६० मिमी व्यासाचे आणि ५ मिमी जाडीचे, वर उठावदार अक्षरे असलेले भरीव पदक कांस्यमिश्रित फिलामेंटमध्ये छापायचे आहे असे धरू. त्याचे घनफळ सुमारे १४ घनसेंमी भरते. त्याला सुमारे ६ मीटर तार लागते आणि वजन ५५ ग्रॅमच्या आसपास येते. हेच पदक साध्या पीएलएचे असते तर १८ ग्रॅम, आणि ओतीव कांस्याचे असते तर सुमारे १२५ ग्रॅम भरले असते.

पदक ०.१ मिमीच्या थरांत आडवे छापतात. यंत्रातून काढल्यावर ते निस्तेज तपकिरी असते. प्रथम २४० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने कडा व सपाट भाग कोरडेच घासतात. या टप्प्यावर थरांच्या रेषा पूर्णपणे घालवणे हे एकच उद्दिष्ट असते. येथे राहिलेली रेषा पुढील बारीक कागदांनी जात नाही, उलट चकाकीमुळे अधिक उठून दिसते. या घासण्यातच प्लॅस्टिकचे आवरण निघून कांस्याचे कण उघडे पडू लागतात आणि पृष्ठभागावर सुटे चमकदार ठिपके दिसतात.

त्यानंतर ४००, ६०० आणि १००० क्रमांकाचे वॉटर पेपर पाण्यात भिजवून क्रमाने वापरतात. प्रत्येक नव्या कागदाने आधीच्या दिशेला काटकोनात घासावे. आधीचे ओरखडे पूर्णपणे दिसेनासे झाले, की तो टप्पा संपला असे निश्चित कळते. पाण्याचे काम दुहेरी असते. ते भुकटी वाहून नेऊन कागद मोकळा ठेवते आणि घर्षणाची उष्णता शोषते. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. वेगाने फिरणाऱ्या विजेच्या हत्याराने घासल्यास पृष्ठभाग क्षणात ६० अंशांपलीकडे जातो. मग प्लॅस्टिक मऊ होऊन उघड्या पडलेल्या धातुकणांवर पुन्हा पसरते. कागद चिकटू लागला आणि चकाकी वाढण्याऐवजी मंदावली, तर असे घडले आहे हे ओळखावे, वस्तू थंड होऊ द्यावी आणि एक टप्पा मागे जावे.

१००० क्रमांकानंतर ठिपके एकमेकांत मिसळून पृष्ठभाग सलग धातूसारखा दिसू लागतो. शेवटी पितळेची भांडी चमकवण्याचे पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन चोळतात. अक्षरांभोवतीच्या खोलगट भागात कागद पोहोचत नाही, म्हणून तो भाग काळसर राहतो. जुन्या पदकांतही खोलगट भाग काळवंडलेला आणि उंचवटे हाताळून उजळलेले असतात. त्यामुळे हा दोष येथे गुण ठरतो. तो वाढवण्यासाठी सगळ्या पदकाला काळा अॅक्रिलिक रंग लावून तो सुकण्यापूर्वी उंचवट्यांवरून पुसून घेतात.

उघडा पडलेला धातू खऱ्या धातूप्रमाणेच वागतो. तांबेमिश्रित वस्तू हवेत काळवंडते, आणि घरातील तांब्याची भांडी ज्या चिंचेने उजळतात तिच्यातील आम्लाने तिच्यावरील काळेपणाही निघतो. लोहमिश्रित वस्तूवर मिठाचे पाणी शिंपडून मुद्दाम गंजाची छटा आणतात. मात्र कण आवरणाखाली असेपर्यंत यांपैकी काहीच घडत नाही. म्हणून रासायनिक संस्करणापूर्वी घासकाम अनिवार्य ठरते.

## लाकूडमिश्रित वस्तूचे संस्करण

लाकूडमिश्रित वस्तूला वरील पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. ती कोरडीच घासतात, कारण पाण्याने उघडे पडलेले तंतू फुगतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. १२० ते २४० क्रमांकाचा कागद बहुधा पुरेसा असतो. त्याहून बारीक कागदाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण लाकडाऐवजी पुन्हा प्लॅस्टिकसारखा भासतो. थरांच्या रेषांची दिशा अपेक्षित रेशांच्या दिशेशी जुळत असेल, तर त्या पूर्ण घालवण्याचेही कारण नसते. मग कागद रेषांच्या दिशेनेच फिरवतात.

घासल्यावर पृष्ठभाग पांढुरका दिसतो. ही प्लॅस्टिकवरील ओरखड्यांची छटा असून तेल किंवा मेण चोळल्यावर ती नाहीशी होते. लाकडाला लावण्याचा स्टेन येथे फक्त उघड्या तंतूंत मुरतो, प्लॅस्टिक तो शोषत नाही. म्हणून पातळ स्टेन डागाळलेला दिसतो. दाट स्टेन लावून जादाचा भाग लगेच पुसला, म्हणजे तो रेषांच्या खाचांत साचून राहतो आणि लाकडाच्या रेशांचा आभास वाढवतो. सांध्यांतील फटी सुतारकामातील लांबीने बुजवता येतात.

## मर्यादा व दक्षता

झिलईनंतर वस्तूचे रूप कितीही खरे वाटले, तरी तिचा सांगाडा पीएलएचाच राहतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ठेवलेली कांस्यमिश्रित मूर्ती वाकू शकते. दाराची कडी, खुंटी किंवा वजन पेलणारा भाग यांसाठी हे साहित्य योग्य नाही. खाद्यपदार्थ, विशेषतः आंबट पदार्थ, तांबे किंवा कांस्यमिश्रित भांड्यांत ठेवू नयेत. कोरडे घासताना उडणारी लाकडाची व धातूची बारीक धूळ श्वासावाटे शरीरात जाऊ नये यासाठी योग्य मुखपट्टी वापरावी आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. धातूची वस्तू पाण्याने घासताना निघणारा चिखल वाळल्यावर पुन्हा धूळ होतो, म्हणून तोही ओला असतानाच पुसून टाकावा.